ऑटो-क्लीन चिमणीलाही हात लावावा लागतो

ऑटो-क्लीन चिमणी धुवावीच लागत नाही, असा समज सर्रास आढळतो. तो होणे स्वाभाविक आहे, कारण नावच तसे आहे. प्रत्यक्षात बटण दाबल्यावर आतली तापणारी कॉइल पंख्याभोवती साचलेले तेल पातळ करते आणि ते खालच्या तेलाच्या वाटीत उतरते. वाटी आपणच रिकामी करायची असते. बाहेरचा पत्रा आणि काच यांवरचा चिकटाही आपणच पुसायचा.

याउलट बॅफल फिल्टर (वळणदार स्टीलच्या पट्ट्यांची जाळी) तेलाला पंख्यापर्यंत पोचण्याआधीच अडवतो. एसटीने झटक्यात वळण घेतले की उभा प्रवासी बाहेरच्या बाजूला फेकला जातो, तसे हवा पट्ट्यांमधून वळताना तेलाचे जड थेंब स्टीलवर आदळून तिथेच राहतात.

रोज मोहरी-हिंगाची खमंग फोडणी होणाऱ्या घरात दोन्हींतला हा फरक जाणवतो. बॅफल दर आठ-दहा दिवसांनी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात भिजवून धुवावा लागतो. ऑटो-क्लीनची कॉइलही आठवड्यातून एकदा चालवलेली बरी. महिनोन्‌महिने राहिलेले तेल हळदीसह घट्ट होते आणि मग कॉइलच्या उष्णतेने वितळत नाही. कॉइल चालवूनही वाटी कोरडी, पंख्याचा आवाज वाढलेला आणि धूर ओट्यावर रेंगाळणारा, असे दिसले तर तेच झाले आहे. तेव्हा पंखा उघडून साफ करायला मेकॅनिकच लागतो.

दोन्ही सोयी एकत्र असलेली चिमणीही मिळते. जास्त फोडणीच्या घरासाठी माझी पसंती तिलाच.