रजा की राजीनामा: एका बिनपगारी वर्षाचा हिशेब

वर्षभर नोकरीतून बाजूला व्हायचे मनात आले की माणूस आधी बारा महिन्यांच्या पगाराचे गणित मांडतो. घरखर्च किती, कर्जाचा हप्ता किती, साठलेले पैसे पुरतील का? हे गणित सोपे असते, कारण बुडणारा आकडा डोळ्यांसमोर असतो. पगाराला चिकटून येणाऱ्या गोष्टींचा आकडा मात्र पगारपत्रकावर लगेच दिसत नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, आरोग्यविमा, वार्षिक वाढ आणि नोकरीतली ज्येष्ठता यांचे त्या वर्षात काय होते, हे पुष्कळांना परत आल्यावर कळते. तोवर पत्रावर सही झालेली असते.

खासगी नोकरीत अशी दीर्घ रजा मागण्याचा हक्क आपल्याकडे कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. कंपनीचे धोरण असेल तर त्यानुसार, नसेल तर साहेबांशी आणि एचआरशी बोलून ती मिळते. म्हणून रजा मंजूर करणारे पत्र हाच सगळ्याचा पाया. त्या पत्रात तुम्ही रजेवर आहात असे लिहिले आहे, की नोकरी सोडून जात आहात आणि वर्षभराने पुन्हा घेतले जाईल असे लिहिले आहे, यावर बाकीचे बरेच काही ठरते.

एक उदाहरण धरू. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत १ एप्रिल २०१७ रोजी रुजू झालेली एक व्यवस्थापक आहे. तिचा महिन्याचा पगार १,२०,००० रुपये, त्यातले बेसिक ६०,०००. आईच्या आजारपणासाठी तिला १ एप्रिल २०२६ पासून एक वर्ष घरी राहायचे आहे. एचआर तिच्यापुढे दोन वाटा ठेवते. एक, वर्षभराची बिनपगारी रजा. दुसरी, राजीनामा द्या, वर्षाने जागा असेल तर तुम्हाला प्राधान्य देऊ. घरातल्या काळजीने थकलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच वाटतात. वर्षभर पगार नाही, नंतर तीच कंपनी.

फरक ग्रॅच्युइटीत दिसतो. ग्रॅच्युइटी काढताना शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्याला २६ ने भागून १५ ने गुणतात आणि येणाऱ्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणतात. तिच्या बेसिकवर एका वर्षाचे सुमारे ३४,६१५ रुपये होतात. ती एप्रिल २०२७ मध्ये परतली, दोन वर्षे काम केले आणि मार्च २०२९ अखेर नोकरी सोडली असे समजू. हिशेब सोपा राहावा म्हणून बेसिक तेवढेच धरू. मधले वर्ष रजेचे असेल तर तिची सेवा सलग १२ वर्षांची होते आणि ग्रॅच्युइटी सुमारे ४,१५,००० रुपये मिळते. मधे राजीनामा झाला असेल तर पहिल्या नऊ वर्षांचे सुमारे ३,११,५०० रुपये तिला आधीच मिळालेले असतात, पण परतल्यावर सेवा शून्यापासून मोजली जाते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते, त्यामुळे नंतरच्या दोन वर्षांचे काहीच मिळत नाही. एका शब्दाच्या फरकाने लाखाहून अधिक रक्कम गेली. जिची सेवा साडेचार वर्षांची असताना राजीनामा होतो, तिची तर सगळीच ग्रॅच्युइटी जाते.

रजेचे वर्ष सलग सेवेत धरायचे की नाही, हा प्रश्न सोलापूरच्या गिरणी कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. लालप्पा लिंगप्पा आणि इतर कामगार विरुद्ध लक्ष्मी विष्णू टेक्स्टाइल मिल्स या खटल्याचा निकाल १९८१ साली लागला. वर्षात २४० दिवस प्रत्यक्ष काम झाले नसेल, तर त्या वर्षाची ग्रॅच्युइटी मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ झाला. त्यानंतर १९८४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून सलग सेवेची व्याख्या स्पष्ट केली आणि ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली. आजारपण, अपघात, रजा, संप, टाळेबंदी अशा कारणांनी काम थांबले तरी सेवा सलग मानायची, असे त्यात आले. विनापरवानगी गैरहजेरीसुद्धा आपोआप खंड ठरत नाही. त्यासाठी मालकाला नियमानुसार तसा आदेश काढावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण सलग सेवेची ही कल्पना तिच्यातही आहे. म्हणून पत्रात ‘रजेचा कालावधी ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणार नाही’ असे वाक्य आले, तर सही करण्याआधी थांबावे आणि कायद्याचा आधार देऊन ते काढायला सांगावे.

पीएफचे वेगळे आहे. तिथे पगार नाही तर वर्गणी नाही, आणि यात कंपनीला दोष देता येत नाही. आपल्या उदाहरणात तिचे स्वतःचे महिन्याला ७,२०० रुपये जातात. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेकडे वळतात आणि ५,९५० पीएफमध्ये येतात. म्हणजे वर्षभरात खात्यात १,५७,८०० रुपये कमी जमा होतील. व्याजदर ८.२५ टक्क्यांवरच राहिला असे धरले, तर वीस वर्षांनी ही तूट सुमारे ७ लाख ७० हजारांची होते. आधीच्या शिलकेवर व्याज मात्र रजेतही मिळत राहते. पेन्शनचा तोटा त्या मानाने लहान आहे. पेन्शन काढताना सध्याच्या मर्यादेनुसार १५,००० रुपयांना सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात, त्यामुळे एक वर्ष कमी झाले तर महिन्याला सुमारे २१४ रुपये कमी होतात. ज्यांची पेन्शनसाठीची दहा वर्षे अजून भरायची आहेत, त्यांनी हे वर्ष त्यात मोजले जाणार नाही हे लक्षात ठेवावे.

पीएफमध्ये खरी काळजी एका नोंदीची घ्यायची. दर महिन्याच्या विवरणात कंपनीने अशा कर्मचाऱ्याचे नाव कायम ठेवून बिनपगारी दिवस दाखवायचे असतात. कधीकधी पगार विभाग कामाच्या ओघात नोकरी सोडल्याची तारीखच भरून टाकतो, आणि कागदावर रजा असलेली व्यक्ती पीएफच्या नोंदीत नोकरी सोडून गेलेली ठरते. हे घरबसल्या तपासता येते. पीएफच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात Service History उघडावी आणि Date of Exit रिकामी आहे ना, हे पहिल्या दोन महिन्यांतच पाहावे. लगेच सांगितले तर दुरुस्ती सोपी असते. वर्षाने पत्रव्यवहार करत बसावे लागते.

पीएफसोबत येणाऱ्या विम्यालाही मर्यादा आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसांना ७ लाखांपर्यंत रक्कम देणारा हा विमा चालतो तो वर्गणीवर. २०२५ मधल्या बदलानुसार नाव पटावर असेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर सहा महिन्यांपर्यंत त्याचा लाभ मिळतो. वर्षाच्या रजेत दुसऱ्या सहामाहीसाठी त्यावर विसंबू नये, स्वतःचा टर्म विमा आधीच घ्यावा. आरोग्यविम्याचा गटविमा बिनपगारी रजेवरच्या माणसाला लागू आहे का, हे कंपनीने विमा कंपनीकडून लेखी घेऊन द्यायला हवे. आईवडिलांच्या विम्याचा हप्ता पगारातून कापला जात असेल, तर तो आगाऊ भरायची सोय करावी लागते. आपल्या उदाहरणातली ती तर आईच्या आजारपणासाठीच घरी बसते आहे. न कापल्या गेलेल्या एका हप्त्यापायी आईचेच संरक्षण संपले, तर रजेचा हेतूच हरतो.

आता वार्षिक वाढीकडे वळू. माझ्या मते सर्वांत मोठा तोटा इथे होतो आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. समजा कंपनीत ८ टक्के वाढ मिळते. तिच्या पगारावर ती महिन्याला ९,६०० रुपये होते, वर्षाला १,१५,२००. रजेच्या वर्षात ती चुकली, तर तूट एका वर्षाची राहत नाही. पुढची प्रत्येक वाढ कमी पगारावर मिळते. व्याज, चक्रवाढ काही न धरताही पंधरा वर्षांत १७ लाखांहून अधिक रक्कम होते. हा तोटा कायद्याने भरून निघत नाही, कारण वाढ देणे कंपनीच्या हातात असते. म्हणून त्यासाठी बोलावेच लागते, आणि ते जाण्याआधी. रजेवर जाताना संपलेल्या वर्षाचे मूल्यमापन पूर्ण व्हावे, त्याची वाढ परतल्या दिवसापासून लागू व्हावी, एवढे तरी मागता येते. तारखांचाही उपयोग होतो. एप्रिल ते मार्च अशी रजा घेतली तर मूल्यमापनाचे संपूर्ण वर्ष कोरे जाते. ऑक्टोबर ते सप्टेंबर घेतली तर दोन्ही वर्षांत सहा-सहा महिन्यांचे काम असते, आणि जिथे किमान सहा महिने कामाची अट असते तिथे दोन्ही वर्षांची वाढ प्रमाणात मिळू शकते.

ज्येष्ठतेचे दोन अर्थ वेगळे ठेवावेत. रुजू झाल्याची तारीख एक, आणि बढतीसाठी सध्याच्या पदावर पुरी झालेली वर्षे दुसरी. पत्रात ‘सेवा सलग राहील’ लिहिले म्हणजे दुसरीही मोजली जाईल, असे धरून चालू नये. सरकारी नोकरीत हा भेद जुना आहे. तिथे असाधारण रजेवर गेलेल्याचे ज्येष्ठता यादीतले स्थान सहसा टिकते, पण वैद्यकीय प्रमाणपत्राविना घेतलेली अशी रजा सामान्यतः वेतनवाढीसाठी आणि पेन्शनच्या सेवेसाठी मोजत नाहीत.

तेव्हा पत्रात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात. ही मंजूर रजा आहे आणि तिची सुरुवात-शेवटाची तारीख अमुक. मूळ रुजू तारीख कायम राहील. परतल्यावर त्याच किंवा समकक्ष पदावर आणि अमुक पगारावर घेतले जाईल. आरोग्यविमा चालू राहील आणि त्याचा हप्ता कोण, केव्हा भरणार. रजेच्या काळात दुसरे काम करता येईल की नाही. पाचवी अट हलकी समजू नये: दुसऱ्या कंपनीने पीएफ भरला तर तो त्याच यूएएन क्रमांकाखाली दिसतो, आणि मनाई असताना केलेले काम रजा रद्द होण्याचे कारण बनू शकते.

यांतली एखादी ओळ लिहून द्यायला कंपनी तयार नसेल, तर परतीचे आश्वासन किती भक्कम आहे ते तिथेच कळते. मग जाण्याचा निर्णय बदलावा लागेल असे नाही, पण ही रजा आहे की गोड शब्दांतला राजीनामा, हे ओळखून पैशांची तजवीज करता येते. आईजवळ बसायला, मुलाला वाढवायला किंवा पुढे शिकायला वर्ष काढणाऱ्या माणसाने ही ओळख करून घेण्याआधी सही करू नये.