वाढप सुरू होण्याआधीचं एक मिनिट

लग्नाच्या रिसेप्शनला पाचशे माणसं तीन तास येत-जात असतील, तर हॉटेलमालकाने माईक घेण्यात अर्थ नसतो. दारात हात जोडून उभं राहणंच बरं. पण साठ-सत्तर पाहुणे हॉलमध्ये एकाच वेळी जेवायला बसणार असतील, तर त्याचे दोन शब्द नीट ऐकले जातात.

बोलायची वेळ मात्र स्वयंपाकघर ठरवतं. कोल्हापुरी मटणाचं ताट घ्या. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं. तो आचेवर उकळत राहिला तर फुटतो, आणि गार झाला की त्यावर चरबीची साय धरते. भाकरी तर तव्यावरून थेट पानात यायला हवी. म्हणून आधी वस्तादांना विचारायचं. ते "पाच मिनिटांत वाढायला घेऊ" म्हणाले, की यजमानांची परवानगी घेऊन उभं राहायचं. पानं वाढल्यावर भाषण सुरू झालं तर पाहुणे हात आखडून बसतात आणि रस्सा निवतो.

भाषण साधारण असं असावं:

"नमस्कार मंडळी. दोन्ही घरच्यांनी आजच्या जेवणाची जबाबदारी आमच्यावर टाकली, त्यांचे आभार. आपणा सर्वांचं मनापासून स्वागत. खिडकीकडच्या टेबलांवर शाकाहारी जेवण आहे. ते वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत केलंय. मसाल्यात तीळ आहेत, कुणाला चालत नसतील तर वाढप्यांना आधी सांगा. आमचे वस्ताद पहाटेपासून चुलीपाशी आहेत. भाकरीवाल्या मावशी आत्ता तव्यासमोर बसल्यात. भांडी घासणारी मंडळी तर आपण घरी पोचल्यावरही काम करत असतील. या सगळ्यांचे मी आपल्यासमोर आभार मानतो. नवरा-नवरीला सुखी संसाराच्या शुभेच्छा. सावकाश जेवा."

हे एका मिनिटात होतं. यात हॉटेलची जाहिरात नाही, कारण समारंभ यजमानांचा आहे. शाकाहाराची आणि तिळाची सूचना मात्र हवीच. पाहुण्यांना जेवणाआधी तीच लागते.

आभाराचा भाग सगळ्यात जास्त फसतो. "आमच्या सर्व स्टाफचे आभार" म्हटलं की ते कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. कोण काय करतंय ते सांगायचं, आणि जमलं तर नावही घ्यायचं. पण ते कसं घेतलेलं आवडेल, हे ज्याला-त्याला आधी विचारून. टाळ्यांसाठी कुणाला आतून ओढून आणू नये. मावशी उठल्या तर तव्यावरची भाकरी करपते, आणि घामाघूम माणसाला शंभर डोळ्यांसमोर उभं राहायला संकोच वाटतो. त्यापेक्षा स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवावं, म्हणजे आपलं नाव त्यांना कामाच्या जागीच ऐकू जातं.

आणखी एक काम भाषणाआधीच उरकायचं. स्टाफ जेवतो सगळ्यात शेवटी, तेव्हा पातेल्यात बहुधा नुसता रस्साच उरलेला असतो. म्हणून वाढप सुरू होण्याआधी त्यांच्यासाठी मटणाचा एक डबा भरून बाजूला ठेवावा, आणि तो कुठे आहे हे वस्तादांना सांगून मगच माईक हातात घ्यावा.