भरल्या पोटी घेतली, तरीही

दुखण्याची गोळी देताना औषधवाला हमखास सांगतो, ‘पोटात काहीतरी टाकून घ्या.’ सल्ला योग्यच आहे, पण तो जेवढं संरक्षण देतो त्याहून बरंच जास्त देतो, असा आपला समज असतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांच्या एकाच घराण्यातली औषधं. ॲस्पिरिनही त्यातलंच. पॅरासिटामॉल मात्र या घराण्यातलं नाही. या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवलं. ही द्रव्यं कमी झाली की सूज आणि ठणका ओसरतो. अडचण अशी, की जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत संरक्षक थर टिकवून ठेवण्याचं कामही तीच करतात. तो थर पातळ झाला की आपल्याच पोटातलं आम्ल आतल्या त्वचेला चावायला लागतं.

गोळी जठरात विरघळते तेव्हा तिथे थेट जळजळही होते. जेवण, दूध किंवा चार घास पोहे तेवढ्यापुरते उपयोगी पडतात. मळमळ कमी होते, आग कमी होते. पण संरक्षक थराचं खरं नुकसान होतं ते गोळी रक्तात उतरल्यावर. म्हणून तर याच औषधाचं इंजेक्शन घेतलं तरी अल्सर होऊ शकतो. भरल्या पोटी गोळी घेऊन त्रास झाला नाही, यावरून अल्सर होणार नाही असं म्हणता येत नाही.

समजा, सत्तरीच्या एक आजी आहेत. गुडघेदुखीसाठी त्या सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणानंतर डायक्लोफिनॅकची ५० मिलिग्रॅमची गोळी घेतात. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोजचीच. त्यात कंबर धरली म्हणून मुलाने दुकानातून आणखी एक पाकीट आणलं. त्यात ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र होतं. नावं वेगळी, पाकिटं वेगळी, पण एकाच घराण्यातली तीन औषधं रोज पोटात जाऊ लागली, आणि तीही अगदी शिस्तीत जेवण झाल्यावर. दोन-तीन आठवड्यांनी आजींना जिना चढताना दम लागतो, चक्कर येते. शौचाला काळीकुट्ट, चिकट आणि उग्र वासाची होते. पोट मात्र दुखत नाही. दुखेल कसं, वेदना दाबणारं औषध चालूच आहे ना! म्हाताऱ्या माणसांत हा अल्सर बरेचदा असा मुकाट्यानेच वाढतो आणि रक्तस्राव झाल्यावरच कळतो.

अशा वेळी दोन्ही वेदनाशामकं तिथल्या तिथे थांबवायची आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ॲस्पिरिनचा निर्णय मात्र आपण घ्यायचा नाही, तो डॉक्टरांवर सोडायचा. हृदयात स्टेंट असेल तर ती परस्पर बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळसर होते हे खरं, पण ‘लोहामुळेच असेल’ असं घरी ठरवून बसू नये. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, पोटात एकाएकी असह्य कळ आली, तरीही हेच करायचं. पायांवर सूज, लघवी कमी होणं, धाप लागणं, अंगावर पुरळ उठणं हीसुद्धा गोळी थांबवून डॉक्टरांना गाठण्याची लक्षणं आहेत. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर मूत्रपिंडाला इजा होते, म्हणून त्या दिवसांत ही गोळी नकोच. डेंग्यूची शंका असलेल्या तापात आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धातही नको.

असं काही झालं नाही तरी स्वतःच्या मनाने ही गोळी आठ-दहा दिवसांपलीकडे चालू ठेवू नये. तेवढ्यात दुखणं हललं नसेल तर ते तपासायला हवं. दीर्घकाळ घेणं भागच असेल, आणि वय पासष्टच्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झालेला असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं, स्टेरॉइड चालू असतील, तर डॉक्टर सोबत ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल देतात. जठराचं खरं रक्षण जेवणापेक्षा ही गोळी करते. ती उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते. घरोघरी ती वेदनाशामकासोबत जेवणानंतर घेतली जाते, आणि तिचा उपयोग कमी होतो. नुसता गुडघा दुखत असेल तर डायक्लोफिनॅकचं मलम आधी वापरून पाहावं. त्यातलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं.

अनेकांना भीती असते की गोळी एकदम सोडली तर काही विपरीत होईल. स्टेरॉइडसारखी ही औषधं हळूहळू कमी करत आणावी लागत नाहीत. आज बंद केली तर फार तर दुखणं परत डोकं वर काढेल, आणि त्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का हे डॉक्टरांना विचारता येतं.