तीन टीम बाहेर पडल्या, आता मॅच किती? ड्रॉच्या स्क्रीनशॉटवरून असं मोजा

घाटकोपर-मुलुंडच्या टर्फवर बॉक्स क्रिकेटचा नॉकआऊट ठरला की आधी ग्रुपवर ड्रॉचा स्क्रीनशॉट येतो आणि मग एकेका टीमचा ‘आमचं जमत नाही’ असा मेसेज. टर्फ तासावर बुक होतो, त्यामुळे मॅच किती उरल्या हे लगेच कळायला हवं. मी रेघा मोजत बसत नाही, बाद होणाऱ्या टीम मोजतो.

समजा, 22 टीम आहेत. नॉकआऊटमध्ये एक मॅच एकाच टीमला बाहेर काढते आणि शेवटी एकच उरते. म्हणजे 21 मॅच. आता 22 च्या पुढचा दुपटीतला आकडा (2, 4, 8, 16, 32) बघा: 32. दोनपासून 32 पर्यंत पाच पायऱ्या, म्हणून पाच राउंड. आणि 32 − 22 = 10 बाय. दिव्या देशमुखने जिंकलेल्या 2025 च्या महिला बुद्धिबळ वर्ल्ड कपमध्येही हेच गणित होतं: 107 खेळाडू, 128 ची चौकट, म्हणून 21 जणींना पहिल्या राउंडला बाय.

आता आपल्या 22 पैकी तीन टीमनी हरण्याआधीच माघार घेतली. त्या न खेळता बाद झाल्या, म्हणून:

```
22 - 1 - 3 = 18
```

ताळा करून बघू. दोन टीम पहिल्या राउंडच्या वेगवेगळ्या मॅचमधल्या होत्या, तिसरीला बाय होता. मग सहाऐवजी 4 मॅच, दुसऱ्या राउंडला आठऐवजी 7, पुढे 4, 2 आणि 1. बेरीज 18. माघार घेतलेल्या दोन टीम एकमेकींसमोरच असत्या तर? तिथे एकच मॅच गेली असती, पण पुढच्या राउंडला समोर कोणीच नाही, म्हणून दुसरी तिथे गेली असती. एकूण 18 च.

गोंधळ होतो तो बाय आणि वॉकओव्हरमध्ये. जुनाच ड्रॉ ठेवला तर बाय 10 च राहतात आणि तीन मॅच वॉकओव्हर होतात. स्क्रीनवर त्यांच्यापुढे बहुतेक `W/O` दिसतं. 19 टीमचा नवा ड्रॉ काढला तर 32 − 19 = 13 बाय, वॉकओव्हर शून्य. राउंड मात्र पाचच. चार राउंडमध्ये आटपायला टीम 16 किंवा कमी हव्यात आणि ड्रॉही नवा हवा.

म्हणून स्क्रीनशॉट हातात आला की आधी टीमची नावं मोजा. बाय मिळालेल्यांची नावं काही ॲपमध्ये थेट दुसऱ्या रांगेत असतात, ती सुटतात. तिसऱ्या नंबरची मॅच असेल तर एक वाढवा. हरल्यानंतर ‘माघार’ कळवणारी टीम वजा करू नका, ती आधीच बाद आहे.

अर्ध्या तासाची एक मॅच धरली तर साडेदहा तासांऐवजी नऊ तास टर्फ लागेल. उरलेला दीड तास बुकिंगमधून आजच कमी करून घ्या.