व्हॉल्व्ह उघडला, मग पाणी लगेच पूर्ण का येत नाही?

श्रीरामपूर तालुक्यातलं बेलापूर प्रवरेच्या काठी, सपाटीवर वसलेलं आहे. याच नदीवरचं भंडारदरा धरण अकोले तालुक्यातल्या डोंगरात आहे, तिथे उताराला तोटा नाही. बेलापूरच्या काळ्या रानात मात्र पाण्याला दाब हवा असेल तर ते उंच टाकीत चढवावं लागतं आणि तिथून लांबच लांब पाइपने वाड्या-वस्त्यांपर्यंत न्यावं लागतं. अशा लाइनच्या शेवटी उभा असलेला माणूस व्हॉल्व्ह एकदम उघडतो, धार बारीक दिसली की बादली लावून मोजतो आणि ‘लाइनला पाणीच कमी आहे’ असं ठरवून मोकळा होतो. या हिशेबात तीन-चार गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत.

ते सोडवण्यासाठी एक लाइन धरू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अशा सपाट भागात सहज जुळतील असे. टाकीतल्या पाण्याची पातळी शेवटच्या व्हॉल्व्हपेक्षा 12 मीटर उंच, पाइप 1200 मीटर लांब, आतला व्यास 10 सेंटिमीटर. पाइप काठोकाठ भरलेला आणि व्हॉल्व्ह बंद.

पहिला समज असा, की पाइप भरलेलाच आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडताच पूर्ण धार यायला हवी. आता या पाइपात किती पाणी उभं आहे ते बघा: सुमारे 9.4 टन. त्याला ढकलतं कोण? 12 मीटर उंचीचा दाब पाइपच्या तोंडाएवढ्या क्षेत्रावर जेवढा जोर देतो तेवढाच जोर, म्हणजे साधारण 94 किलो वजनाइतका. उसाने भरलेली नऊ-साडेनऊ टनांची ट्रॉली एका धट्ट्याकट्ट्या माणसाचं सगळं वजन लावून ढकलावी, तसं हे काम आहे. ट्रॉली हलेल, पण हळूहळू. इथे सुरुवातीचा वेगवाढीचा दर गुरुत्वाच्या बरोबर शंभराव्या हिश्शाइतका येतो, कारण उंची आणि लांबीचं प्रमाणच 12 ला 1200 आहे. म्हणजे दर सेकंदाला वेग फक्त दहा सेंटिमीटर प्रति सेकंदाने वाढतो.

हा दरही टिकत नाही. पाणी चालू लागलं की पाइपच्या भिंतीचं घर्षण आड येतं आणि ते वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग अंतिम वेगाच्या निम्म्यावर आला की घर्षणाने जोराचा चौथा हिस्सा खाल्लेला असतो, तीन हिस्से अजून शिल्लक असतात. वेग नऊ-दशांशावर आला की 81 टक्के जोर खर्ची पडतो आणि वेग वाढवायला उरतो फक्त 19 टक्के. सगळा जोर घर्षणातच जिरला की वेग वाढायचा थांबतो. हा सारा हिशेब पाण्याचा स्तंभ ताठ मानून केलेला आहे: पाणी दबत नाही, पाइप ताणत नाही आणि 1200 मीटरचं पाणी एकाच वेळी, एकाच वेगाने हलतं. त्यातून हे सूत्र मिळतं:

```
V = V0 · tanh(t / T),   T = L · V0 / (g · H)
```

V0 हा अंतिम वेग, L लांबी आणि H उंची. घर्षणाचा गुणांक 0.02 धरला तर आपल्या लाइनचा अंतिम वेग सेकंदाला 0.99 मीटर येतो आणि प्रवाह सेकंदाला पावणेआठ लिटर. T येतो दहा सेकंद. निम्मा वेग गाठायला साडेपाच सेकंद लागतात, नव्वद टक्क्यांना पंधरा आणि नव्व्याण्णव टक्क्यांना सत्तावीस. शेवटचे नऊ टक्के मिळवायला बारा सेकंद जातात, पहिल्या अर्ध्या वेगाला लागले त्याच्या दुपटीहून जास्त.

बादलीचा घोळ इथेच होतो. व्हॉल्व्ह उघडताक्षणी 15 लिटरची बादली लावली तर ती भरायला साडेसहा सेकंद लागतात. भागाकार केला की प्रवाह दिसतो सेकंदाला 2.3 लिटर. खरा प्रवाह त्याच्या तिपटीहून जास्त आहे. अर्धा मिनिट थांबून तीच बादली लावा, दोन सेकंदांत भरेल. मोजायचंच असेल तर दोनशे लिटरचा ड्रम घ्यावा आणि तोही धार स्थिरावल्यावर लावावा.

दुसरा समज वेळेच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एक करतो. 1200 मीटर अंतराला 0.99 ने भागलं की वीस मिनिटं येतात, म्हणून ‘लाइन सुरू व्हायला वीस मिनिटं लागतात’ असं म्हटलं जातं. वीस मिनिटं लागतात ती टाकीतलं पाणी स्वतः वस्तीवर पोहोचायला. टाकीत आज टाकलेल्या ब्लीचिंग पावडरचा वास शेवटच्या नळाला यायला तेवढा वेळ हवाच. पण धार पूर्ण होते ती पाइपात आधीपासून उभ्या असलेल्या पाण्याने. सत्ताविसाव्या सेकंदाला टाकीचं पाणी पाइपात जेमतेम वीस मीटर आत शिरलेलं असतं. पाइप रिकामा झालेला असेल तर गोष्टच वेगळी. तिथे आधी पाइप भरावा लागतो, हवा बाहेर पडावी लागते आणि हिशेब सेकंदांचा न राहता मिनिटांचा होतो.

तिसरा समज मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो चांगल्या जाणकारांनाही चकवतो: घर्षणामुळे धार धरायला उशीर होतो. हिशेब उलट सांगतो. भिंतीचं घर्षण पूर्ण काढून टाकलं आणि फक्त पाइपात शिरताना व बाहेर पडताना खर्ची पडणारा जोर धरला, तर अंतिम वेग सेकंदाला साडेबारा मीटरवर जातो आणि त्याच्या नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत पोहोचायला साडेपाच मिनिटांहून जास्त लागतात. घर्षण अंतिम वेग खाली आणतं, म्हणून मुक्काम जवळ येतो. याच कारणाने मोठ्या व्यासाचा पाइपही लवकर स्थिरावत नाही. 15 सेंटिमीटरचा पाइप घातला तर सत्तावीसऐवजी तेहतीस सेकंद लागतात. पाणी अर्थातच पुष्कळ जास्त मिळतं. सुरुवातीचा वेगवाढीचा दर मात्र दोन्हींत सारखाच असतो, कारण व्यास वाढला की ढकलणारा जोर आणि पाण्याचं वजन दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. लांबीचंही असंच आहे. पाइप 2400 मीटर केला तर वेळ दुप्पट होत नाही, अडतीस सेकंदांच्या आसपास जातो, म्हणजे साधारण दीडपटीच्या आतच.

या हिशेबाची मर्यादाही सांगायला हवी. पाण्याचा सगळा स्तंभ खरंतर एकदम हलत नाही. व्हॉल्व्ह उघडला की दाब कमी झाल्याची खबर लाटेच्या रूपाने टाकीकडे जाते. पीव्हीसीत या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे 400 मीटर धरला तर टाकीपर्यंत जाऊन परत यायला सहा सेकंद लागतात. त्यामुळे शेवटच्या टोकाला धार गुळगुळीत वाढत नाही, टप्प्याटप्प्याने वाढते. आधी एक हलकी उसळी येते, मग धार थबकते आणि सहाव्या सेकंदाच्या सुमारास दुसरी मोठी उसळी येते. लोखंडी पाइपात लाट याच्या अडीच-तीन पट वेगाने धावते, पायऱ्या बारीक होतात आणि ताठ स्तंभाचा हिशेब प्रत्यक्षाशी जास्त जुळतो. लाइन मध्येच कुठे उंचवट्यावरून गेली असेल तर एकदम उघडण्याने तिथला दाब क्षणभर हवेच्या दाबाखाली जाऊ शकतो आणि सैल जोडातून बाहेरचं गढूळ पाणी आत ओढलं जातं. अशा लाइनचा व्हॉल्व्ह सावकाशच फिरवावा.

वरच्या आकड्यांच्या लाइनवर एक मिनिट उलटूनही धार वाढतच असेल, फसफसत असेल किंवा मध्येच तुटत असेल, तर दोष पाण्याच्या जडत्वाचा नाही. पाइपात हवा अडकली आहे किंवा पाइप पूर्ण भरलेला नव्हता. आणि धार अर्ध्या मिनिटात स्थिरावली पण पावणेआठ लिटरच्या बरीच खाली राहिली, तर शोध वाढलेल्या अडथळ्याचा किंवा वाटेत फुटलेल्या पाण्याचा घ्यावा: आत साचलेला गाळ, चेपलेला पाइप, वरच्या बाजूचा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा वाटेत कुणी घेतलेली जोडणी.