जार आज अडकतो, फटका वर्षभर बसतो

म्हैस व्याल्यावर सहा ते आठ तासांत जार पडतो. बारा तास उलटले तरी तो लोंबतच असेल, तर जार अडकला असं समजायचं. अशा वेळी गोठ्यात हमखास दोन गोष्टी होतात. कुणी लोंबत्या जाराला दगड किंवा जुनी चप्पल बांधतं, नाहीतर कोपरापर्यंत हात घालून तो ओढून काढणाऱ्याला बोलावलं जातं. म्हशीचं खरं नुकसान इथूनच सुरू होतं.

जार गर्भाशयाला अनेक गाठींनी, काजात बटण अडकावं तसा धरलेला असतो. विताना शरीरातल्या पांढऱ्या पेशी ही पकड सोडवतात. अवघड वीत, गर्भपात, दिवस भरण्याआधीची वीत, कॅल्शियमची किंवा सेलेनियम-ई जीवनसत्त्वाची कमतरता यांत हे काम अर्धवट राहतं. मग ओढल्याने पकड सुटत नाही, गाठी फाटतात. जाराचे तुकडे आत राहतात आणि जखमांवर जंतूंना आयती जागा मिळते. वजन बांधल्याने मायांगही बाहेर येऊ शकतं.

मग करायचं काय? बाहेर लोंबणारा भाग फार लांब असेल तर तो कापून आखूड करावा आणि मागची बाजू स्वच्छ ठेवावी. जार पडेपर्यंत रेडकाला पाजायचं नाही, ही समजूत सोडून द्यावी. रेडकाला चीक लगेच मिळायला हवा, आणि त्याच्या चोखण्याने गर्भाशय आकुंचन पावायलाही मदत होते. आतली पकड सैल झाली की बहुतेक वेळा काही दिवसांत जार आपोआप गळून पडतो.

या काळात सकाळ-संध्याकाळ ताप मोजणं सर्वांत महत्त्वाचं. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, म्हैस वैरण टाकू लागली, दूध घटलं आणि लालसर-तपकिरी, पातळ, घाण वासाचा स्राव येऊ लागला, तर गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला आहे. इथे डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविकाचं इंजेक्शन पूर्ण दिवस द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून ते थांबवू नये, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नये. ताप नसेल आणि म्हैस नीट खात असेल, तर बहुधा प्रतिजैविकाची गरज नसते. लक्ष मात्र ठेवावं लागतं.

अनेक जण फसतात ते यापुढे. ताप जातो, दूध सुरळीत होतं, पण तीन आठवड्यांनंतरही गर्भाशयात पू राहू शकतो. म्हशीत तो चटकन दिसत नाही. ती बसल्यावर खाली पडलेला पांढरट डाग तेवढा सापडतो. माजाचा बळस काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पुवाचे कण दिसले तर रेतन करू नये. बळस स्वच्छ दिसूनही म्हैस वारंवार उलटत असेल, तर डॉक्टर बळसात तितकंच सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण मिसळून तापवतात. रंग पिवळा झाला तर दाह लपलेला आहे.

उपचार आतल्या स्थितीवर ठरतो. बीजांडकोशावर पीतपिंड असेल तर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिल्यावर म्हैस माजावर येते, गर्भाशयाचं तोंड उघडतं आणि पू बाहेर पडतो. पीतपिंड नसेल तर त्या इंजेक्शनचा असा उपयोग होत नाही, म्हणून तपासणी आधी हवी.

हिशेब मांडून पाहू. समजा, म्हैस १ ऑक्टोबरला व्याली. गर्भाशय वेळेत साफ झालं आणि १० जानेवारीला ती गाभण राहिली, तर ३१० दिवसांनी, नोव्हेंबरच्या मध्यावर ती पुन्हा विते. संसर्गामुळे जानेवारी-फेब्रुवारीचे माज वाया गेले, तर पुढे उन्हाळा येतो. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, तो कळतच नाही. मग ती थेट १० सप्टेंबरला गाभण राहिली, तर पुढची वीत जुलैच्या मध्यावर जाते. दोन वेतांतलं अंतर साडेतेरा महिन्यांवरून साडेएकवीस महिन्यांवर जातं आणि त्यातले कित्येक महिने भाकड म्हशीला पोसावं लागतं.

म्हणून जार अडकलेल्या म्हशीची व्याल्यापासून चौथ्या आठवड्यात गर्भाशय तपासणी करून घ्यावी. ती दिसायला धडधाकट असली तरी करावी, कारण लपलेला पू तेव्हा सापडला तर हिवाळ्यातले माज हाताशी राहतात. गोठ्यात शेवटच्या महिन्यांतले गर्भपात होऊन जार अडकत असतील, तर ब्रुसेल्लासाठी रक्त तपासावं. हा रोग माणसालाही होतो, म्हणून जाराला उघडा हात लावू नये आणि तो चुना टाकून खोल पुरावा.