दुपाखी छपराचा वासा आणि पत्र्याचा हिशेब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, मुरूडपासून दापोली, मंडणगडपर्यंत असंख्य घरांची छपरं उघडी पडली. त्यानंतर अनेकांनी कौलांच्या जागी पत्रे घातले. कौलं आणि पत्रा यांत दिसण्याचा आणि टिकण्याचा फरक आहेच, पण मापाचा फरक त्याहून मोठा आहे. कौलांचं छप्पर चूक पोटात घेतं. वासा चार इंच जास्त निघाला, तर रिपांमधलं अंतर थोडं सैल करायचं किंवा एक ओळ वाढवायची, काम भागतं. रंगीत पत्रा मात्र आपण सांगू त्या लांबीचा कापून येतो. तो तीन इंच आखूड निघाला तर वळचणीला पाणी आत वळतं, आणि आखूड पत्र्याला कुठलाही मिस्त्री लांब करू शकत नाही. म्हणून पत्रा सांगण्याआधी वाशाची तिरकी लांबी नीट काढता यायला हवी.

दुपाखी छप्पर म्हणजे मधल्या आढ्यावरून दोन बाजूंना उतरणारी दोन पाखी. त्रिकोणी भिंतीकडून पाहिलं की एका पाख्याखाली काटकोन त्रिकोण दिसतो. त्याची आडवी बाजू म्हणजे गाळ्याचं निम्मं अंतर, उभी बाजू म्हणजे भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची उंची आणि तिरकी बाजू म्हणजे वासा. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. शुल्बसूत्रांत बौधायनाने तो दोरीच्या भाषेत सांगितला आहे, आणि इथेही तो दोरीनेच वापरायचा आहे.

एक घर घेऊ. चिऱ्याच्या भिंती, प्रत्येकी नऊ इंच जाड. आतली रुंदी साडेवीस फूट, म्हणजे बाहेरून बाहेर २२ फूट. लांबी बाहेरून ३० फूट. आढं भिंतीच्या माथ्यापासून ६ फूट वर. आढं मधोमध आहे, म्हणून आडवी बाजू ११ फूट झाली.

वासा = √(११² + ६²) = √(१२१ + ३६) = √१५७ = १२.५३ फूट

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली मापाच्या जागेची. खोलीत उभं राहून टेप लावला की साडेवीस फूट मिळतात, निम्मे सव्वादहा, आणि वासा ११.८८ फूट निघतो. खऱ्यापेक्षा जवळजवळ आठ इंच कमी. वासा भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत जातो, म्हणून गाळाही बाहेरच्या कडांमधला धरायचा. उंची जमिनीपासून नव्हे, भिंतीच्या माथ्यापासून. समोरासमोरच्या भिंतींवर दोरी ताणून बांधायची आणि आढ्यावरून ओळंबा सोडून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं. आणखी एक बारीक गोष्ट: ही दोन्ही टोकं वाशाच्या एकाच कडेवरची हवीत. खाली वाशाची तळकड आणि वर त्याची वरची कड धरली, तर वाशाची जाडी हिशेबात शिरते.

दुसरी चूक आकडा वाचण्याची. मोबाइल १२.५३ दाखवतो आणि ते बारा फूट पाच इंच म्हणून सांगितलं जातं. फुटाचे इंच बारा असतात, दहा नव्हेत. दशांशानंतरच्या ०.५३ ला बाराने गुणायचं, ६.३६ येतात. म्हणजे वासा बारा फूट सहा इंच आणि वर तीन सूत. पाच इंच धरले तर जवळजवळ दीड इंच गेला. मीटरमध्ये काम केलं तर ही अडचण येतच नाही. पण गावाकडे सुतार आणि दुकानदार दोघेही फुटांत बोलतात, तेव्हा त्यांच्याच मापात बरोबर बोललेलं चांगलं.

वर्गमूळ न काढताही हे माप मिळतं. सुतार गुण्याच्या एका पातीवर ११ इंच आणि दुसऱ्या पातीवर ६ इंच धरतो आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर मोजतो. ते साडेबारा इंचांच्या किंचित पुढे येतं. इंचाला फूट धरला की वासा मिळाला. पद्धत पक्की आहे, फक्त इथे एका सुताची चूक प्रत्यक्षात दीड इंच होते, तेव्हा टोकदार पेन्सिल आणि चांगला उजेड हवा.

आता या सगळ्यातून मला सर्वांत उपयोगी वाटणारा आकडा काढू. १२.५३ ला ११ ने भागलं की १.१३९ मिळतात. याचा अर्थ, या छपरावर आडवा एक फूट गेलं की तिरका १.१३९ फूट होतो. वळचण असो, पाखं असो की संपूर्ण छप्पर, एकदा हा ढाळाचा गुणक हाती आला की नवा त्रिकोण काढावा लागत नाही.

वळचणीपासून सुरुवात करू. कोकणातल्या आडव्या पावसात चिऱ्याची भिंत कोरडी ठेवायची तर छप्पर भिंतीबाहेर दोन फूट तरी हवं. हे दोन फूट आडवे आहेत. बरेच जण ते १२.५३ मध्ये सरळ मिळवून १४.५३ सांगतात. खरं म्हणजे आडव्या ११ मध्ये २ मिळवायचे आणि त्या १३ ला गुणकाने गुणायचं. १३ × १.१३९ = १४.८१ फूट, म्हणजे १४ फूट पावणेदहा इंच. सरळ बेरीज करणाऱ्याची वळचण सव्वातीन इंच आखूड पडते.

वळचण वाढवावी तेवढी चांगली असंही नाही. ती बाहेर जाते तशी खालीही येते. या ढाळाला आडव्या दोन फुटांत छप्पर तेरा इंच उतरतं. भिंत आठ फुटांची असेल तर वळचण जमिनीपासून सहा फूट अकरा इंचांवर येईल, उंच माणूसही खालून निर्धास्त जाईल. तीच तीन फूट केली तर ती साडेसहा फुटांच्याही खाली येते आणि ओटीवर अंधार होतो. शिवाय बाहेर आलेल्या भागाला वादळ खालून उचलतं. खालून टेकू नसेल तर दोन फुटांवर थांबावं असं माझं मत आहे.

क्षेत्रफळ आता सोपं आहे. त्रिकोणी भिंतींकडेही छप्पर एकेक फूट बाहेर काढू, म्हणजे आढ्याच्या दिशेने लांबी ३२ फूट. एक पाखं १४.८१ × ३२, म्हणजे ४७३.९ चौरस फूट, आणि दोन्ही मिळून सुमारे ९४८ चौरस फूट, साडेनऊ ब्रासला थोडं कमी. पडताळा गुणकाने होतो. वरून सरळ खाली पाहिलं तर छपराची सावली २६ × ३२ म्हणजे ८३२ चौरस फूट. ८३२ ला १.१३९ ने गुणा, तेच ९४८ येतात. घराचा नकाशा बघून ८३२ वर अंदाज करणाऱ्याला ११६ चौरस फूट पत्रा कमी पडतो, एका खोलीचं छप्परच म्हणा ना.

ढाळ वाढला की पत्रा किती वाढतो, याचा अंदाज अनेकांचा चुकतो. याच घराचं आढं ६ ऐवजी ३ फुटांवर असतं, तर वासा ११.४ फूट झाला असता, आडव्या ११ पेक्षा जेमतेम ०.४ फूट जास्त. सहा फुटांना ही वाढ दीड फूट होते. उंची दुप्पट, वाढ जवळजवळ चौपट. चपट्या ढाळात आडवं माप चालून जातं आणि त्याची सवय लागते. तीच सवय मग कोकणातल्या उतरत्या छपराला नडते.

चौरस फुटांचा आकडा मात्र दुकानात शेवटचा नसतो, कारण दुकानदार पूर्ण पत्रे देतो. समजा पत्रा ४२ इंच रुंद आहे. शेजारच्या पत्र्यावर त्याची कड चढते, म्हणून बसल्यावर तो ४० इंचच झाकतो. ३२ फूट म्हणजे ३८४ इंच, भागिले ४०, म्हणजे ९.६. एका पाख्याला दहा, दोन्हींना वीस पत्रे. लांबी किती सांगायची? वाशाचे १४ फूट पावणेदहा इंच, आणि पाणी पन्हळीत पडावं म्हणून खाली दोन इंच पुढे. वर आढ्याजवळ पत्रा एखादा इंच अलीकडे थांबला तरी चालतं, तिथे कोनपत्रा झाकण घालतो. म्हणून १५ फुटी पत्रा सांगावा. वीस पत्रे, १५ फूट लांब, साडेतीन फूट रुंद: बिल १०५० चौरस फुटांचं होईल. छप्पर ९४८ चं आणि बिल १०५० चं पाहून फसवणूक झाल्यासारखं वाटतं. पण ही तफावत कडेवर कड चढण्यातून आणि नऊच्या पुढचा दहावा पत्रा पूर्ण घ्यावा लागण्यातून आली आहे. नऊ पत्रे तीस फूट दोन इंच झाकतात. भिंतीबाहेरचा एकेक फूट सोडून नवांत भागवावं असा मोह होतो, पण मग त्रिकोणी भिंत चार महिने भिजते. त्यापेक्षा दहावा घेतलेला बरा.

१५ फुटी पत्रा आतल्या रस्त्याने आणता येत नसेल, तर १० आणि ६ फुटी जोडपत्रे घालतात. या ढाळाला वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच चढला तरी पुरतं. इथे तर तो फूटभर चढतो. माल मात्र ११२० चौरस फूट लागतो. खालचे पत्रे आधी बसवायचे, वरचे त्यांच्यावर चढवायचे. उलट केलं की पहिल्याच सरीला जोडातून पाणी खाली येतं.

मागणी देण्याआधी जुन्या घरात दोन गोष्टी तपासाव्या. बाहेरच्या चारही कोपऱ्यांतून दोरीने दोन्ही कर्ण मोजावेत. २२ बाय ३० च्या घरात दोन्ही ३७ फूट अडीच इंचांच्या आसपास आणि एकमेकांइतके यायला हवेत. ते वेगळे आले तर घर काटकोनात नाही. अशा घरावर पत्रे भिंतीला समांतर लावत गेलं की वळचणीची कड पायऱ्यांसारखी होते. पत्रे वळचणीला ताणलेल्या दोरीशी काटकोनात लावायचे आणि तिरकेपणा त्रिकोणी भिंतीकडच्या शेवटच्या पत्र्यात कापून काढायचा. दुसरी गोष्ट आढ्याची. जुनं आढं मध्ये वाकलेलं असतं, म्हणून उंची दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी मोजावी. उंचीत एका इंचाचा फरक असला तर वाशात साधारण अर्ध्या इंचाचा पडतो, तेवढा कोनपत्रा झाकून घेतो. पण मध्ये तीन-चार इंचांचा झोल असेल, तर आधी आढं टेकू देऊन सरळ करावं किंवा बदलावं. त्यानंतर मोजलेल्या उंचीवर वासा पुन्हा काढावा आणि मगच पत्र्याची लांबी सांगावी.